मदत हवी आहे : मुलगा दिवसभर भुकेलेला असतो, तरी अंगाला काही लागत नाही

सांगलीकर_आई

इथे आहारतज्ज्ञ मंडळी आहेत म्हणून लिहितेय. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत आहे. उंची 168 सेंटीमीटर, वजन 45 किलो. शर्ट काढला की बरगड्या मोजता येतात. आणि भूक मात्र अशी की जेवून उठल्यावर तासाभरात "आई, काय आहे खायला?" परवा रात्री साडेबाराला पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दिवा न लावता गार पोळी चटणीशी खात उभा होता. मला उठवायचं नव्हतं म्हणे. तेव्हापासून मला झोप लागत नाहीये.

त्याचा दिवस असा. सव्वासहाला चहा आणि चार मारी बिस्किटं, सातची शाळा. साडेदहाच्या सुट्टीत दोन पोळ्या आणि सुकी भाजी. दीडला घरी येतो तो दप्तर टाकून थेट ताटावर. तीन पोळ्या, भाजी, वरण-भात. चारला मॅगी. पाच ते सात फुटबॉल. येताना मित्रांबरोबर वडापाव. नऊला जेवण, अकराला फरसाण नाहीतर बिस्किटाचा पुडा. दूध नको म्हणतो. अंडी घरात चालतात, मटण रविवारी.

सासूबाई म्हणतात, मी नीट घालत नाही. ह्यांचं म्हणणं, "मी पण कॉलेजात असाच होतो." मला एवढंच कळायला हवंय की ही वाढीची भूक आहे की काही आजार आहे, आणि मी नेमकं काय बदलू?

कोकणचा_दादा

ताई, जंत असणार. आमच्याकडे असंच होतं, गोळी दिली आणि महिन्यात पोरगा भरला. आणि गहू बंद करून बघा महिनाभर. गव्हाने पोट बिघडतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही.

अनुजा_नाशिक

माझी मुलगी पण चौदाची, पण तिचं उलट आहे. सारखं खाते आणि वजन वाढतंय. संध्याकाळचं खाणं बंद केलं तर चालेल का? मॅडमनी सांगावं.

आहार_मेघना (आहारतज्ज्ञ)

अनुजाताई, तुमच्या मुलीसाठी वेगळा धागा काढा, तिथे नक्की बोलू. इथलं वाचून तिचं खाणं तोडू नका.

सांगलीकर ताई, उत्तर देण्याआधी मला तीन गोष्टी हव्यात. एक, गेल्या वर्षीची उंची आणि वजन, शाळेच्या आरोग्य तपासणीत लिहिलेलं असेल. दोन, तहान किती लागते आणि रात्री लघवीला उठतो का? तीन, शौचाला किती वेळा जातो आणि कशी होते? अवघड वाटलं तरी विचारा.

सांगलीकर_आई

शाळेचं कार्ड सापडलं. गेल्या जूनमध्ये 159 सेंटीमीटर, 41 किलो. पाणी भरपूर पितो, पण मैदानावरून आल्यावर. रात्री हल्ली एकदा उठतो. शौचाला दिवसातून तीनदा, चिकट होते, भांड्याला लागून राहते म्हणाला. हे मला आजपर्यंत माहीतच नव्हतं.

आहार_मेघना

कार्डाने बरंच सांगितलं. वर्षात नऊ सेंटीमीटर म्हणजे ऐन वाढीचा झपाटा आहे. वजनही चार किलो वाढलंय, कमी झालेलं नाही. खाऊन खाऊन वजन उतरत असतं तर मी जास्त घाबरले असते. तरी रात्री उठतो म्हणालात, म्हणून रक्तातली साखर आजच तपासा, उद्यावर ढकलू नका. मुलांमधला मधुमेह असाच येतो, भूक, तहान, लघवी आणि बारीक होणं. साखर 200 च्या वर आली, किंवा उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास असं काही दिसलं, तर तसंच थेट दवाखान्यात न्या.

आता भुकेचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीत 13 ते 15 वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 2860 कॅलरी धरल्या आहेत. तुमच्या मुलाचा दुपारी दीडपर्यंतचा हिशोब करू. चहा, बिस्किटं, दोन पोळ्या, सुकी भाजी, सगळं मिळून पाचशेच्या आसपास. म्हणजे उठल्यापासून सात तासांत दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सासुद्धा पोटात गेलेला नाही. तो दिवसभर खात नाहीये ताई, दुपारनंतर सकाळची उधारी फेडतोय. आणि ती फेडतो मॅगी, वडापाव, बिस्किटांवर. त्यात मैदा आणि तेल असतं, प्रथिनं थोडी. पोट भरल्यासारखं वाटतं आणि लवकरच पुन्हा रिकामं.

म्हणून संध्याकाळचं काही तोडू नका, आधी सकाळ भरा. सव्वासहाला पोळीभाजी जाणार नाही, पण खजूर-शेंगदाण्याचे दोन लाडू आणि एक केळं जाईल. डब्यात दोनऐवजी तीन पोळ्या, तूप लावून, आणि वेगळ्या डबीत मूठभर भाजलेले शेंगदाणे नि गुळाचा खडा. मूठभर म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत जवळपास 170 कॅलरी आणि सातेक ग्रॅम प्रथिनं मिळतात. चारला मॅगीऐवजी दही-पोहे किंवा थालीपीठ. मैदानावरून आल्यावर दोन उकडलेली अंडी. रात्रीचं वरण पळीवाढं नको, घट्ट करा. दूध नको म्हणतो तर आग्रह नको, आधी पोटाचं कळू दे.

आता दादांचं. जंताची गोळी चुकीची नाही. शाळेत जंतनाशक दिनाला देतात तेव्हा घेतली होती का विचारा, नसेल तर डॉक्टरांना विचारून द्या. पण एवढ्या भुकेचं उत्तर बहुधा जंतात नसतं. गहू मात्र अजिबात बंद करू नका. तीनदा चिकट शौचाला होतंय, तर डॉक्टर कदाचित सिलिॲक, म्हणजे गहू न सोसण्याच्या आजारासाठी टीटीजी नावाची रक्ततपासणी सांगतील. ती गहू खाणं चालू असतानाच करावी लागते. महिनाभर गहू थांबवून गेलात तर आजार असूनही अहवाल नॉर्मल येऊ शकतो.

कोकणचा_दादा

हे मला माहीत नव्हतं. गव्हाचं मागे घेतो ताई. जंताचं मात्र अजून म्हणतो.

जिमवाला_पुणे

मी पण पंधराव्या वर्षी काडी होतो. प्रोटीन पावडर चालू करा, तीन महिन्यांत फरक.

आहार_मेघना

या वयाला दिवसाला 45 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं सुचवली आहेत. शेंगदाणे, अंडी, घट्ट वरण, दही यातून ती सहज भरतात. त्याला कमी पडतंय ते एकूण अन्न, आणि तेही सकाळी. पावडरचा डबा विकत घ्यायची गरज नाही.

ताई, दर पंधरा दिवसांनी सकाळी, त्याच काट्यावर, साधारण सारख्याच कपड्यांत वजन घ्या. महिन्याला अर्धा किलो वाढलं तरी पुरे. तेवढ्यावर थांबा मात्र म्हणणार नाही. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वाढीच्या तक्त्यावर त्याचं वजन उंचीच्या मानाने अगदी खालच्या रेषांजवळ आहे, आणि शौचाचं मला साधं वाटत नाही. एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. हात थरथरणं, छातीत धडधड, सारखा घाम असेल तर तेही सांगा, थायरॉईड बघतील.

सांगलीकर_आई (बारा दिवसांनी)

साखर त्याच संध्याकाळी केली, 98 आली. जंताची गोळी फेब्रुवारीत शाळेत घेतली होती. लाडू तो चालता चालता खातो, शेंगदाण्याची डबी रोज रिकामी येते. रात्रीचं फरसाण तीन दिवसांपासून त्याने आपण होऊनच मागितलं नाही. वजन 45 किलो 300 ग्रॅम, पण काटा बदलला होता, त्यामुळे मी ते धरत नाहीये.

डॉक्टरांनी टीटीजी आणि थायरॉईड दोन्ही सांगितलं. रक्त दिलंय, अहवाल गुरुवारी. सासूबाईंना शाळेचं कार्ड दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत, पण काल लाडू त्यांनीच वळले. मेघनाताई, शौच अजून तीनदाच होते. अहवाल चांगला आला तर मग काय समजायचं?

आहार_मेघना

मग दुधाचं पचत नाही का हे बघायला दूध, दही, पनीर पंधरा दिवस बाजूला ठेवून बघता येईल, पण डॉक्टरांना विचारून, आणि गुरुवारनंतरच. तोवर पोळी चालूच ठेवा. अहवाल आला की इथे लिहा.