फूड कॉस्ट ३१ वरून ३९ टक्के: आधी बिलांच्या तारखा बघा

«सुरुवातीचा माल ६०,०००, खरेदी २,४०,०००, शिल्लक ५०,०००, विक्री ६,४०,०००. म्हणजे वापर २,५०,०००, विक्रीच्या ३९ टक्के! गेल्या महिन्यात ३१ होते. आचाऱ्यावर संशय येतोय.»

दादा, आचाऱ्याला सध्या राहू द्या. गेल्या महिन्याच्या ३० तारखेला आलेला माल तेव्हाच्या शिल्लकीत मोजला, पण त्याचं बिल या महिन्याच्या २ तारखेला चढवलं, असं झालंय का ते बघा. माझ्या सावजी भोजनालयात हेच झालं होतं. इतवारीतून आलेलं तेल मोजलं, बिल मात्र खिशातच राहिलं.

समजा असं २४,००० चं बिल सापडलं. ते गेल्या महिन्यात टाका. या महिन्याची खरेदी २,१६,००० होते, वापर २,२६,००० आणि कॉस्ट साधारण ३५ टक्के. गेल्या महिन्याचे ३१ खोटेच होते, तेही वर सरकतील.

मोजणी रात्री गल्ला बंद झाल्यावर करा, सकाळचा भाजीवाला यायच्या आत. वाटलेला मसाला आणि फ्रीजरमधलं मटणही वजन करून कच्च्या मालाच्या भावाने धरा. अंदाजाने ‘अर्धा डबा’ लिहू नका. कामावरच्या पोरांचं जेवण वेगळं लिहून वापरातून वजा करा. एवढं करूनही आकडा चढाच राहिला, तर मग मटणाच्या प्लेटचं वजन तपासा.