रविवारच्या व्याख्यानाचा परिचय (सोसायटी ग्रुप)

मुक्ता बी-२०२, सकाळी ९:१२
कालचं पत्रक कोणी परस्पर बदललं? माधवकाकांनी दिलेल्या परिचयाच्या जागी ‘सुप्रसिद्ध मोडीतज्ज्ञ, ज्ञानाचा चालताबोलता खजिना’ आलंय. काकांना ते अजिबात आवडलेलं नाही.

दत्ता ए-१०१, ९:१५
परिचय ४० शब्दांच्या आत हवा. आज ८ पर्यंत छपाईला जायचाय.

शिरीष ए-३०४, ९:२०
मी बदललं. काकांचा मजकूर बघा: ‘मोडी लिपीचे अभ्यासक. इतिहासाची आवड. अनेक वर्षे कार्यरत.’ हे वाचून खाली कोण येणार?

माधवकाका सी-४०३, ९:३१
कोणी नाही आलं तरी चालेल. खजिना वगैरे काढा.

सुधाताई बी-५०१, ९:४०
दोन्ही मजकुरांत दोष एकच आहे. काकांचं नाव बोटाने झाका आणि तिथे दुसऱ्या कुठल्याही मोडी वाचणाऱ्याचं नाव ठेवा. दोन्ही तसेच बसतात. काकांनी स्तुती गाळताना तपशीलही गाळला. शिरीषने तपशील नसलेल्या जागेत स्तुती भरली.

शिरीष ए-३०४, ९:४३
ताई, मग तुम्हीच लिहून द्यायचं होतं की मागच्या आठवड्यात.

सुधाताई बी-५०१, ९:४४
मागच्या आठवड्यात मला विचारलंच नव्हतं. असो. लाजऱ्या माणसाला ‘तुमचं वेगळेपण काय’ असं विचारलं की तो गप्प बसतो. कामाचं विचारलं की सांगतो. काका, कोणी कागद आणून दिला की तुम्ही नेमकं काय करता?

अनघा सी-१०२, ९:४६
क्लबहाउसची किल्ली कोणाकडे आहे? मागच्या वेळी योगावर्ग दारात ताटकळला होता.

दत्ता ए-१०१, ९:४७
४० शब्द. ८ वाजता.

माधवकाका सी-४०३, ९:५८
मोडीत शब्द सुटे नसतात, ओळ सलग चालते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नसतो. म्हणून दोनदा उतरवतो. आधी जसं आहे तसं, मग शब्द तोडून. चुकीच्या जागी तोडलं की अर्थ बदलतो. लोक बहुतेक खरेदीखतं, गहाणखतं आणतात. अक्षर लागलं नाही तर टिंबं देतो, अंदाज लिहीत नाही.

सुधाताई बी-५०१, १०:०२
हाच परिचय. यात स्तुतीचं एकही विशेषण नाही, तरी हे फक्त काकांनाच लागू होतं. टिंबांचं वाक्य तर सोडूच नका. माणूस कुठे थांबतो हे सांगणं ही बढाई होत नाही, आणि ऐकणाऱ्याचा विश्वास तिथेच बसतो.

शिरीष ए-३०४, १०:०८
मग भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पेशवे दफ्तरही टाकू, काका दोन्हीकडे जातात. आणि त्यांचं मांजर! मुलांना आवडेल.

निखिल बी-३०३, १०:०९
मांजराला मोडी येते का? 😄

सुधाताई बी-५०१, १०:१५
मांजर कोणाच्याही परिचयात बसेल, कामाशी त्याचा संबंध नाही. संस्थांचं जपून. तिथे जाऊन कागद वाचणं वेगळं आणि तिथल्या पदावर असणं वेगळं. नुसती नावं टाकली की लोक पद धरून चालतात, मग काकांना व्याख्यानाच्या सुरुवातीला खुलासा करत बसावं लागेल. तपशील थोडे घ्या. पाच भरले की एकही लक्षात राहत नाही.

दत्ता ए-१०१, १०:१६
४० शब्द.

मुक्ता बी-२०२, १०:१७
दत्ताकाका, कळलं हो सगळ्यांना.

सुधाताई बी-५०१, १०:३४
‘माधवराव लोकांच्या घरातली मोडी कागदपत्रं वाचून देतात, बहुतेक खरेदीखतं आणि गहाणखतं. मोडीत शब्द सुटे नसतात, म्हणून प्रत्येक कागद ते दोनदा उतरवतात: आधी जसा आहे तसा, मग शब्द तोडून. जे अक्षर लागत नाही, तिथे टिंबं देतात. अंदाज लिहीत नाहीत.’
३८ शब्द. मुक्ता, सूत्रसंचालन तुझं आहे, एकदा मोठ्याने वाचून बघ. दम लागेल तिथे वाक्य तोड.

मुक्ता बी-२०२, १०:४१
वाचलं, कुठे अडत नाही. ‘अनेक वर्षे’च्या जागी वर्षांचा आकडा घालू का?

सुधाताई बी-५०१, १०:४३
काकांनी स्वतः सांगितला तरच. आपण अंदाजाने घातला तर शेवटचं वाक्यच खोटं पडेल.

शिरीष ए-३०४, १०:५०
बरं. पण न विचारता बदललं म्हणून ग्रुपवर जाहीर बोलायची गरज नव्हती.

मुक्ता बी-२०२, १०:५२
न विचारता बदलायचीही नव्हती.

माधवकाका सी-४०३, ११:०५
चालेल. गहाणखतं आधी लिहा, ती जास्त येतात. आणि ‘प्रत्येक कागद’ नको. दोन ओळींची पावती मी एकदाच उतरवतो. ‘मोठा कागद’ करा.

सुधाताई बी-५०१, ११:०७
दोन्ही केलं. शब्द ३८च.

अनघा सी-१०२, ११:१०
किल्ली?