वेळेची मर्यादा कशासाठी?

“रोज रात्री तासभर तेच दुःख लिहिते, तरी मन हलकं होत नाही. लिहिणं सोडू का?”

लगेच सोडू नका. आधी मर्यादा घालून पाहा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटेच लिहिले. क्लेशदायक घटना आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचे मन त्या वेळी उलट जडच झाले, मात्र पुढील काही महिन्यांत त्यांना आरोग्य केंद्रात कमी वेळा जावे लागले. (नंतरच्या अभ्यासांत सरासरी परिणाम लहानच आढळला.) नंतरच्या अभ्यासांत असेही दिसले, की ज्यांच्या लेखनात दिवसागणिक ‘कारण’, ‘आता लक्षात येते’ असे शब्द वाढत गेले, त्यांना अधिक लाभ झाला. चौथ्या दिवशीही पहिल्याच दिवसाची वाक्ये उमटत असतील, तर ते दुःख उगाळणे ठरते. तेव्हा वही मिटून समुपदेशकाशी बोलावे.