मदत हवी आहे: "खोका रिकामा आला" म्हणणाऱ्या ग्राहकाला काय उत्तर लिहू?

समईवाली

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या भांडी बाजारातून पितळी वस्तू घेऊन माझ्या छोट्याशा वेबसाइटवर विकते. मागच्या आठवड्यात बडोद्याच्या एका मराठी गृहस्थांना समईची जोडी पाठवली. ६,८०० रुपये, कार्डाने आधीच भरलेले. पार्सल सोमवारी पोचलं, ओटीपी देऊन घेतलं. गुरुवारी त्यांचा मेसेज: "खोका रिकामा निघाला, पैसे परत करा, नाहीतर सगळीकडे रिव्ह्यू टाकतो."

दोन समया मी स्वतः कागदात गुंडाळून ठेवल्यात हो! रिकामा खोका पाठवायला मला वेड लागलंय का? पुरावा मागणारं उत्तर लिहून ठेवलंय, अजून पाठवलं नाही:

"तुम्ही खोटं बोलताय हे आम्हाला कळतं. अनबॉक्सिंग व्हिडिओ दाखवा, नाहीतर पैसे विसरा."

नवरा म्हणतो जरा थांब. बरोबर लिहिलंय ना?

झणझणीत_मिसळ

एकदम बरोबर. शिवाय ओटीपी दिलाय म्हणजे माल मिळाला, विषय संपला. आणि कुरियरच्या हाती दिल्यावर आपली जबाबदारी संपते. सरळ ४२० ची तक्रार ठोका.

पार्सलकाका

ताई, तो मेसेज पाठवू नका. एका कुरियरच्या हबवर मी अकरा वर्षं काढलीत. रिकाम्या खोक्याच्या तक्रारी रोज यायच्या. काही खऱ्या असायच्या, काही बनावट.

मिसळराव, ओटीपीने एवढंच कळतं की खोका त्या माणसाच्या हाती गेला. आत काय होतं ते ओटीपीला काय माहीत? आणि कुरियर ताईंनी नेमलाय. ग्राहकाने पैसे ताईंना दिलेत, त्यामुळे "कुरियरला विचारा" एवढं सांगून तो गप्प बसणार नाही. ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, पण पोलीस ठाण्यातही पहिला प्रश्न हाच येईल की समया आत होत्या कशावरून.

ताई, तीन गोष्टी सांगा. खोक्याची मापं, पाठवताना केलेलं वजन, आणि टेप कशी लावता ते.

समईवाली

खोका ४५ × २५ × २० सेंमी. दुकानातल्या काट्यावर २.९५ किलो भरला होता, बिलाच्या प्रतीवर मी ते पेनाने लिहिलंय. त्यातल्या समया अडीच किलो, बाकी खोका नि कागद. टेप साधी खाकी, पण वरच्या आणि खालच्या जोडावर दुकानाचा शिक्का मारते. निम्मा टेपवर, निम्मा पुठ्ठ्यावर. सासऱ्यांची सवय, तीच चालू ठेवलीय.

व्हिडिओ नाही काढला. खोक्याशेजारी समया ठेवून काढलेला फोटो आहे.

मंजिरी_पुणे

मग सोपं आहे! कुरियरच्या बिलात वजन असतं. माझ्या बिलांवर असतं. ते दाखवा की झालं.

समईवाली

बिल बघितलं. त्यावर ४.५ किलो आहे!! म्हणजे काय, माझा काटा चुकीचा?

पार्सलकाका

काटा बरोबर आहे. ४५ गुणिले २५ गुणिले २०, म्हणजे २२,५००. त्याला ५,००० ने भागा, साडेचार येतात. मोठा पण हलका खोका गाडीत जागा खातो म्हणून आकाराचं वजन काढतात आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त असेल तर त्याचे पैसे लावतात. तुमचा खोका खरोखर रिकामा असता तरी बिलावर साडेचारच आले असते. मंजिरीताई, हे बिल पुढे केलं तर समोरचा शहाणा माणूस दोन मिनिटांत उडवून लावेल.

तुम्हाला हवंय ते हबवरचं प्रत्यक्ष वजन. मोठ्या हबवर पट्ट्यावरून जाताना यंत्र मापं आणि वजन दोन्ही घेतं, बऱ्याचदा फोटोही काढतं. ज्या पोर्टलवरून पार्सल बुक केलंत तिथे तक्रार टाकून "बुकिंगनंतर प्रत्येक हबवर नोंदलेलं प्रत्यक्ष वजन" मागा, नुसतं वजन नको. आजच मागा. रिकाम्या खोक्याचा दावा कुरियरकडे किती दिवसांत लावायचा त्याची मुदत त्यांच्या अटींमध्ये असते आणि ती फार मोठी नसते.

आता ग्राहकाचं उत्तर. वाटेत खरंच चोरी झाली असेल तर या माणसाला काय देणं शक्य आहे, तेवढंच मागा. अनबॉक्सिंग व्हिडिओ प्रामाणिक माणसंही काढत नाहीत, मी स्वतः आजवर एकही काढलेला नाही. व्हिडिओवर अडून बसलात तर तुम्हीच टाळाटाळ करताय असं दिसेल. खोक्याचे फोटो मात्र कोणीही काढू शकतो. असं लिहा:

"नमस्कार. पार्सल रिकामं निघाल्याचं आपण कळवलंत. आमच्याकडून ते २.९५ किलो वजनाचं गेलं होतं, त्यामुळे माल कुठे गेला हे शोधणं गरजेचं आहे. कुरियरकडे तक्रार लावण्यासाठी कृपया हे पाठवा: खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो, वरच्या आणि खालच्या टेपचे जवळून फोटो, पत्त्याचं लेबल, आणि आतले कागद जसे निघाले तसे. खोका व कागद टाकून देऊ नयेत. येत्या सोमवारपर्यंत हे मिळालं तर त्यानंतर सात दिवसांत पैसे परत की दुसरी जोडी याबद्दल आमचा निर्णय कळवू. फोटो देणं शक्य नसेल तर तसं लिहून कळवावं, आमच्याकडच्या नोंदींवरून निर्णय घेऊ."

यात 'खोटं' हा शब्द कुठेही नाही. उद्या प्रकरण बँकेत किंवा ग्राहक आयोगात गेलं तर हाच मेसेज तुमच्या बाजूने वाचला जाईल. शिक्क्याबद्दल मात्र चकार शब्द काढू नका.

झणझणीत_मिसळ

काका, हे फार मऊ झालं. असल्या लोकांना मऊ बोललं की डोक्यावर बसतात.

विदर्भकन्या

माझ्यासोबतही असंच झालं होतं! मी साडी मागवली होती आणि आतून जुना टॉवेल निघाला. विक्रेत्याने व्हिडिओ मागितला, माझ्याकडे नव्हता, पैसे बुडाले. ग्राहक खोटंच बोलतो असं धरून का चालता तुम्ही लोक?

समईवाली

ताई, मी विकणारी आहे, मागवणारी नाही. पण तुमचं वाचून काकांचा मुद्दा पटला. काकांचंच उत्तर पाठवलं.

समईवाली (चार दिवसांनी)

फोटो आले. सहा नाही, तीनच. एक वरून, एक आतला, एक तळाचा.

वरचा जोड एका सरळ रेषेत कापलाय आणि शिक्काही मधोमध कापला गेलाय. तळाचा शिक्का अखंड आहे. टेपवर टेप कुठेच नाही. आतल्या फोटोत कागदाचे बोळे आहेत आणि खोक्याच्या तळाला समईच्या बैठकींचे दोन गोल वळ उमटलेत! कुरियरकडूनही उत्तर आलं. भिवंडीच्या हबवर प्रत्यक्ष वजन २.९३. बडोद्याला वजनाची नोंदच नाही.

पार्सलकाका

वा! आता नीट जुळवून बघा. खोका एकदाच उघडला गेलाय, आणि तो आपणच उघडला असं ग्राहक म्हणतो. म्हणजे त्याआधी तो कोणी उघडलेला नाही. मग तो रिकामा असायचा तर तुमच्याकडूनच रिकामा बंद झालेला असायला हवा. पण भिवंडीला २.९३ भरलाय. रिकामा असता तर अर्धा किलोच्या आतबाहेर भरला असता. वीस ग्रॅमचा फरक दोन काट्यांत असतोच. त्याच्या दोन्ही गोष्टी एकावेळी खऱ्या असू शकत नाहीत.

वाटेत चोरी होते तेव्हा माल बहुधा तळातून काढतात, आणि मग वरून दुसरी टेप येतेच.

निनाद_ठाणे

हेअर ड्रायरने टेप गरम करून अलगद उचलता येते, काका. परत चिकटवली की कळत नाही.

पार्सलकाका

येते. पण पुठ्ठ्यावर पक्की बसलेली खाकी टेप उचलताना बहुतेक वेळा वरचा कागद सोबत सोलून येतो, आणि शिक्क्याचे दोन अर्धे पुन्हा तंतोतंत जुळवणं अवघड. अशक्य म्हणणार नाही. ताई, मूळ खोका तपासायला परत मागवा, कुरियरचा खर्च तुमचा.

समईवाली

मागितला. उत्तर आलं, "खोका भंगारवाल्याला दिला." आणि आज पेमेंट गेटवेचा मेल आलाय: ग्राहकाने बँकेत वस्तू न मिळाल्याची तक्रार केली, ६,८०० रुपये अडकवले, सात दिवसांत कागदपत्रं द्या. आता पैसे देऊन मोकळी होऊ का? झोप उडालीय.

मंजिरी_पुणे

मी असते तर देऊन टाकले असते. रिव्ह्यू खराब झाला तर ६,८०० पेक्षा जास्त जातील.

पार्सलकाका

तो निर्णय ताईंचा. माझं मत, नका देऊ. तुमच्याकडे आहे तेवढं फार कमी जणांकडे असतं. आणि बँकेत तक्रार चालू असताना वेगळे परत करूच नका, दोनदा जातील.

कागदपत्रांचा ढीग ओतू नका. बँकेतला माणूस पाच मिनिटं बघतो. पहिल्या पानावर सहा-सात ओळी: काय पाठवलं, वजन किती, भिवंडीला किती, ओटीपी कधी दिला, तक्रार किती दिवसांनी आली, खोका जपून ठेवा असं लिहून कळवल्यावर त्याने तो भंगारात दिला. मागे बिल, कुरियरचं वजनाचं उत्तर, त्याचेच तीन फोटो आणि पूर्ण चॅट. फोटोवर शिक्क्याभोवती लाल गोल काढा.

एक लक्षात ठेवा, हरलात तरी तिथेच संपत नाही आणि जिंकलात तरी नाही. ग्राहक आयोगात तो बडोद्यातच तक्रार करू शकतो, २०१९ च्या कायद्याने राहत्या ठिकाणी करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. म्हणून चॅटमध्ये शेवटपर्यंत सभ्य राहा.

समईवाली

काल रात्री सगळं अपलोड केलं. मिसळराव, तुमच्या शिव्या मनात दिल्या, लिहिल्या नाहीत. काका, बडोद्याला पार्सल पोचवणाऱ्या मुलाचं काय? कुरियरवाले म्हणतात त्याची चौकशी करू. त्या बिचाऱ्याच्या पगारातून कापतील का?

पार्सलकाका

कापतात कधीकधी, आणि तीच मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. कुरियरला ते तळाचे आणि वरच्या टेपचे फोटो पाठवा. खोका त्याच्या हातून शिक्क्यासकट बंद गेला हे त्यातच दिसतं.

समईवाली

पाठवले. गेटवेवर अजून "तपासणी सुरू" एवढंच दिसतंय.

विदर्भकन्या

काका, माझ्या टॉवेलच्या पार्सलचं वजन आता मिळेल का? दीड वर्ष झालं.