काउल नेकला ‘झोळगळा’ म्हणावं का?

आर्वीची शिकाऊ : वर्ध्याला शिवणक्लासला जाते. पुस्तकात ‘मस्लिन काउल ड्रेप’ आहे. शब्दकोशात मस्लिन म्हणजे मलमल. अन् काउल म्हणजे पुढून घड्या पडत लोंबणारा गळा, त्याला मराठीत काय म्हणतात?

दारव्ह्याचे मास्तर : कोश चुकत नाही, पण शिवणाऱ्यांच्या पुस्तकातलं मस्लिन म्हणजे आपला मादरपाट, कोरा. मात्र काउलसाठी खळ धुऊन काढ बाई. कडक कापडाच्या घड्या अंगापासून फटकून उभ्या राहतात, पडत नाहीत. अन् गळ्याला मी झोळच म्हणतो.

वरूडकर : मास्तर, झोळ म्हणजे शिंप्याची चूक! ‘चुण्यांचा गळा’ म्हणा. कापड सरळ घ्यायचं, खांद्यावर चुण्या टाकायच्या, झालं.

दारव्ह्याचे मास्तर : खांद्यावर चुण्या टाकल्या तर घड्या वाढतात, हे खरं. पण सरळ कापडावर त्या टोकदार मोडतात. गोल पडायला उरेब, म्हणजे तिरकं धरलेलं कापडच लागते. परवाच पुतळ्यावर केलं ते सांगतो. आधी एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत दोरी हव्या त्या खोलीला लोंबती सोडली अन् मोजली, 13 इंच भरली. मग 36 इंचाचा चौकोन घेऊन तिरकी घडी मोडली, ती छातीची मधली रेघ. वरचा कोपरा 10 इंच आत दुमडला. त्या दुमडीवर मध्यापासून दोन्हीकडं साडेसहा इंचांवर खुणा केल्या, त्या खांद्याला टाचल्या अन् मध्य खाली सोडून दिला. झोळ आपोआप पडला. त्यानंतर कमरेत मध्याला टाचणी लावली, खांदा, मुंडा अन् बाजू चॉकनं आखल्या.

मोर्शीची ताई : माझ्या ब्लाउजच्या गळ्याला पण झोळ येते हो, वाकलं की पुढून उघडते. कसा काढू?

वरूडकर : पाहा, मी म्हटलं नव्हतं?

दारव्ह्याचे मास्तर : ताई, तुमचा झोळ नको असलेला आहे. गळ्याची कड ताणली असेल, तो वेगळा विषय.

आर्वीची शिकाऊ : मी पण पुतळ्यावर करून कागदावर काढलं, पण गळा सरळ रेघच आली! मग नेहमीसारखा गोल कापला.

दारव्ह्याचे मास्तर : तिथंच झोळ गेला, पोरी. मध्यरेघेला काटकोनात सरळ रेघ, तोच काउलचा गळा. दुमडलेला कोपरा आतून अस्तरासारखा राहतो, 3 इंच ठेवून बाकी काप. टाचण्या काढल्यावर कापड न ओढता सपाट पसर, उरेब लगेच लांबते. दोन्ही बाजू सारख्या लटकत नाहीत, म्हणून जी चांगली पडली तीच घे. मध्यावर घडी करून त्या बाजूच्या खुणांवर दातेरी चाक फिरव, कागदावर दुसरी बाजू तिच्यावरूनच काढ. कागद पूर्ण पुढच्या भागाचा ठेव, अर्धा नाही, अन् ताण्याचा, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्याचा बाण मध्यरेघेला 45 अंशांत काढ. नाहीतर कापणारा सवयीनं सरळच ठेवते.

वरूडकर : उरेबचं पटलं. पण गिऱ्हाइकाला ‘झोळगळा शिवून देतो’ म्हटलं तर ते कापड वापस घेऊन जाईन!

आर्वीची शिकाऊ : आमच्या क्लासच्या बाई ‘पडता गळा’ म्हणतात.

दारव्ह्याचे मास्तर : पडता म्हणजे खांद्यावरून उतरलेला, असं समजतील ना लोक. मी वहीत झोळच लिहीन.