अकरा संघ आले, बाय किती आणि कुणाला?

संदेश: गावच्या कबड्डी स्पर्धेला यंदा 11 संघ आहेत, बाद पद्धत. गेल्या वर्षी सगळ्या चिठ्ठ्या टाकल्या आणि दोन सगळ्यांत तगडे संघ पहिल्याच रात्री भिडले. फायनलला मैदान अर्धं रिकामं. माझं मत, एकच बाय द्यावी, म्हणजे एक संघ न खेळता पुढच्या फेरीत, 10 उरतात, जोड्या जुळतात. काय वाटतं?

सुहास: कागदावर करून बघ. 10 खेळले, 5 जिंकले, बायवाला धरून 6. मग 3. तिघांत परत एकाला बाय, म्हणजे तो बसल्या जागी फायनलला! एकाच संघाला दोन्ही चिठ्ठ्या लागल्या तर एक सामना जिंकून तो फायनल खेळणार. बाय सगळ्या पहिल्याच फेरीत संपव. 2, 4, 8, 16 अशा दुपटीत 11 च्या पुढचा आकडा 16, तेव्हा 5 बाय. पहिल्या फेरीत 3 सामने, त्यातले 3 विजेते आणि बायवाले 5, झाले 8. एकूण सामने दोन्हीकडे 10च.

मंगेश: आणि त्या 5 बाय तगड्यांनाच ना? ज्याच्याकडे पैसे देऊन आणलेले खेळाडू, त्यालाच आराम. पोरं पहिल्या रात्री त्यांनाच बघायला येतात राव.

वैशाली: आमच्या कॅरम स्पर्धेत एकाच क्लबचे दोघं पहिल्याच फेरीत समोरासमोर आले होते, केवढं भांडण! बाय राहू द्या, आधी गट पाडून साखळी खेळवा.

सुहास: वैशालीताई, साखळीला रात्री पुरायच्या नाहीत. पण एका क्लबचे दोन संघ सामन्यांच्या तक्त्याच्या वेगवेगळ्या अर्ध्यात टाकायचे, हे बरोबर. संदेश, तगड्या चौघांना ताकदीप्रमाणे नंबर दे. वरच्या अर्ध्यात अगदी वर 1, अगदी खाली 4. खालच्या अर्ध्यात अगदी खाली 2, वर 3. जिंकत राहिले तर 1 आणि 2 फायनललाच भेटतील. बाय या चौघांना. पाचवी बाय 4 च्या शेजारच्या जागेवर. मग वर 5 संघ आणि एक सामना, खाली 6 संघ आणि दोन सामने. वर 4 न् खाली 7 असं दिसलं, तर बाय चुकीच्या बाजूला गेलीय समज.

संदेश: पाचवा नंबर कुणाचा? तिसऱ्या-चौथ्यावरच आमची कमिटी हातघाईवर येते.

सुहास: खात्री असेल तेवढेच नंबर लाव. विंबल्डनलाही 1 आणि 2 च्या जागा ठरलेल्या असतात, 3 आणि 4 कुठल्या अर्ध्यात हे चिठ्ठीनेच ठरतं. पाचवी बाय बिनधास्त चिठ्ठीने दे.

मंगेश: म्हणजे चिठ्ठीत एखादा लिंबूटिंबू निघाला, तर 4 नंबरला क्वार्टर फायनल फुकटात. 1 नंबरला मात्र एक सामना जिंकून अंग तापलेला संघ! हे कसलं मानांकन?

सुहास: हो, तेवढी खोट आहे त्यात. पण जिंकून आलेला संघ दमलेलाही असतो. एकाच रात्री दोन सामने ठेवणार आहात का?

संदेश: पाऊस आला तर, हो.