प्रतिसाद: मिनिटं बघून वर्गणी कापू नका

> "या महिन्यात हात आखडलाय. मोबाइलवरच्या कोणत्या वर्गण्या बंद कराव्यात, कसं ठरवायचं?"

लातूरच्या एका जोडप्याची गोष्ट घ्या. मे महिना, पाण्याच्या टँकरवर पैसे गेलेले. वर्गण्या चार: सिनेमे २९९, गाणी ११९, फोटोंची साठवण १३०, परीक्षेचा सराव १९९. एकूण ७४७ रुपये.

त्यानं फोनच्या सेटिंगमधलं, कोणत्या ॲपवर किती वेळ गेला ते दाखवणारं `Digital Wellbeing` उघडलं. आठवड्यात सिनेमे ४० मिनिटं, गाणी फक्त ९. "गाणी काढून टाक," तो म्हणाला. ती म्हणाली, "अहो, भाकरी थापताना रोज तासभर तेच वाजतंय की!" दोघंही खरंच बोलत होते. तिथं स्क्रीनवर उघडं असलेलंच ॲप मोजतात. स्क्रीन बंद ठेवून ऐकलेलं त्यात येत नाही. साठवणीचं तर मिनिट दिसतच नाही, पण गुगलची मोफत १५ जीबी ओलांडलेली असताना ती वर्गणी संपली, तर नवे फोटो चढत नाहीत आणि जीमेलही अडतं. म्हणून ती ठेवली. सिनेमे आणि सराव गेले, ४९८ वाचले.

सरावाचं ॲप त्यानं आधी नुसतं डिलीट केलं होतं. वर्गणी त्यानं थांबत नाही. पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना येते, तीच बघून तो जागा झाला. प्ले स्टोअरमधून घेतलेली वर्गणी तिथल्याच `Subscriptions` मध्ये रद्द करा. थेट यूपीआयवर असेल तर यूपीआय ॲपच्या `Autopay` मध्ये. रद्द केल्यावरही भरलेली मुदत बहुतेक ठिकाणी वापरता येते, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट बघायची गरज नाही.